ए-26 असलेला माणूस कुठे सापडेल?

"नातवाला अप्लास्टिक ॲनिमिया आहे, मॅरो बदलावा लागेल म्हणतात. बहिणीचा अर्धाच जुळला. तुझ्या जर्मनीत लाखो दाते आहेत ना, मग गोऱ्यांचा मॅरो आपल्याला चालतो का? की आपल्याच समाजातला माणूस शोधायचा?" हे विचारलं कळव्याच्या मामाने. सोबत रिपोर्टचा फोटो.

मामा, चालतो. मॅरो म्हणजे हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मगज. पिल्लाचा तो नीट काम करत नाही, म्हणून दुसऱ्याचा हवा. टिश्यू टाइप जुळला तर कोणाचाही चालतो. जुळवणी होते ती एचएलए नावाच्या जनुकांची, आणि त्यांना दात्याची जात, धर्म, कातडीचा रंग यातलं काहीच ठाऊक नसतं. पेशी आपली की परकी हे शरीर ज्या खुणांवरून ओळखतं, त्या खुणा ही जनुकं ठरवतात. ड्रेसडेनच्या प्रयोगशाळेत मी रोज हेच टायपिंग करते. पण तुझा प्रश्न इथे संपत नाही, म्हणून आपल्या पिल्लाचाच रिपोर्ट घेऊन सांगते.

ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना इतकी खेटून असतात की पिढ्यानपिढ्या बहुधा गठ्ठ्यानेच उतरतात. एक गठ्ठा आईचा, एक बापाचा. ए, बी, डीआर ही या जनुकांची नावं, पुढचा आकडा म्हणजे त्याचा प्रकार. पिल्लाला आईकडून आलाय ए-1, बी-57, डीआर-7 आणि बापाकडून ए-26, बी-8, डीआर-3. ताईला आईचा तोच गठ्ठा मिळाला, पण बापाचा दुसरा, म्हणून ती अर्धी. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आईबाप तर जवळजवळ नेहमी अर्धेच जुळतात, तेव्हा सूनबाईने स्वतःला बोल लावू नये.

आता जर्मनी. इथे दाते म्हणून सुमारे 1 कोटी लोकांची नोंद आहे. आईकडचा गठ्ठा युरोपातही सापडतो आणि आपल्याकडेही, त्यामुळे त्या बाजूने काळजी कमी. बी-8 आणि डीआर-3 ही जोडीसुद्धा उत्तर युरोपात भरपूर आहे. अडतं ते ए-वर. इथल्या माणसांत त्या जोडीला चिकटून बहुधा ए-1 येतो. ए-26 सोबतची जोडी भारतीयांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते. म्हणजे इथे असा दाता सहज निघेल ज्याच्याकडे बी-57, बी-8, डीआर-7, डीआर-3 सगळं आहे, पण ए-च्या रकान्यात दोन्हीकडे ए-1. कागदावर वाटतं, एवढंसं कमी आहे. पण पिल्लाच्या अंगात ए-26 आहे आणि दात्याच्या पेशींनी तो कधी पाहिलेला नाही. त्या पेशी रुजल्यावर तोच परका समजून पिल्लाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला चढवू शकतात. रक्ताच्या कर्करोगात अशा हल्ल्याचा थोडा फायदा असतो, उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही त्यात मरतात. पिल्लाच्या आजारात तो फायदाच नाही, नुसतं नुकसान.

म्हणून तुझं "आपल्याच समाजातला" हे निम्मं खरं आहे, आणि मला ते झटकून टाकायचं नाही. शेकडो वर्षं आपण जातीतल्या जातीत लग्नं लावली, त्यामुळे काही गठ्ठे काही समाजांत जास्त साठले हे खरंच आहे. पण साठले म्हणजे तिथेच कोंडले असं नव्हे. ए-26 चा तो गठ्ठा एखाद्या पंजाबी ट्रकवाल्याकडे असेल, मुंब्र्याच्या मुसलमान शिक्षिकेकडे असेल, आणि आपल्या जातीच्या शंभर जणांत एकाकडेही नसेल. शोध घेणारा संगणक आडनाव पाहत नाही. दात्याचं टायपिंग अर्धवट असेल तर मूळ कुठलं यावरून नेमका टाइप काय असावा याचा अंदाज बांधतात, तेवढाच त्या माहितीचा उपयोग. शेवटी पिल्लाचा आणि दात्याचा नवा नमुना बारकाईने तपासूनच निर्णय होतो.

इकडचे शिक्के तरी कुठे शहाणे आहेत! परदेशात मी "आशियाई". त्या एका चौकटीत जपानी माणूसही बसतो आणि भिवंडीची मीही. अमेरिकेतल्या नोंदणीवर 2014 साली एक अभ्यास आला. पूर्ण जुळणारा आणि प्रत्यक्ष उपलब्ध दाता मिळण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या रुग्णाला 75 टक्के, दक्षिण आशियाई रुग्णाला 33, आफ्रिकन अमेरिकन रुग्णाला 19. हे आकडे वाचून काही जण म्हणतात, बघा, वंशच लागतो. मी रोज जे पाहते त्यावरून सांगते, कारण वेगळं आहे. आफ्रिकन मुळाच्या लोकांत एचएलएचे गठ्ठे सर्वांत जास्त प्रकारचे आहेत, म्हणून जुळायला माणसंही जास्त लागतात, आणि नोंदणीत नेमकी तीच कमी आहेत. ज्यांचे आईबाप वेगवेगळ्या खंडांतले आहेत, त्यांची अडचण आणखी मोठी. नोंदणीवाले विविधता मागतात ती एवढ्यासाठी. एकाच वस्तीतले आणखी 1 लाख जर्मन घेतले तर बहुतेक तेच गठ्ठे पुन्हा येतील.

तुझ्या सोसायटीतले काका म्हणतात रक्तगट आधी जुळला पाहिजे. किडनीला तो आधी बघतात, ते बरोबर. मॅरोला नाही. ओ पॉझिटिव्ह मुलाला ए पॉझिटिव्ह दात्याचा मॅरो बसतो आणि पुढे मुलाचा रक्तगटच बदलतो. वहिनींनी नवऱ्याला किडनी दिली तेव्हा "टिश्यूचं कुणी एवढं बघितलं नाही" असं त्या म्हणतात, तेही समजण्यासारखं आहे. किडनीत एचएलएचा फरक आयुष्यभराच्या गोळ्यांनी बराचसा सांभाळता येतो, फक्त रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी नाहीत ना हे क्रॉसमॅच करून बघावं लागतं. मॅरोत रोपलेली रोगप्रतिकारशक्तीच दात्याची असते, म्हणून तिथे एवढी काटेकोर जुळवणी.

समाजाच्या हॉलमध्ये दाते नोंदवायचं शिबिर घ्यायचं तू म्हणतोस, जरूर घे. पण बोर्डावर "आपल्या समाजासाठी" लिहू नकोस. तिथे गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना देणारा तरुण जगातल्या कुठल्याही मुलाला लागू शकतो, आणि हे त्याला आधी माहीत नसेल तर फोन आल्यावर तो मागे हटतो. आमचा सर्वांत मोठा अनुभव हाच आहे. नाव असतं, टाइप जुळतो, आणि घरचे म्हणतात पाठीला सुई टोचणार, अपंग होईल. बहुतेक वेळा आता हातातल्या शिरेतूनच, चार-पाच दिवस इंजेक्शन दिल्यावर, काही तासांत पेशी गोळा करतात. हे शिबिरातच आईवडिलांना बसवून सांगा. आणि ठाण्याच्या टॉवरमध्येच थांबू नका. शहापूर, मुरबाडच्या वारली आणि कातकरी वस्त्यांत नोंदणी कितीशी पोहोचली असेल? तिथल्या मुलांनाही हे आजार होतात, आणि त्यांचे गठ्ठे इथल्या 1 कोटीत शोधून मिळणं अवघड आहे.

पिल्लासाठी आज काय, ते सांगते. हॉस्पिटलला विचार, टायपिंग बारीक पातळीवरचं आहे का आणि सी व डीक्यू ही जनुकं धरून आहे का. फोटोत मला सी दिसत नाही, आणि तिथेही फरक निघू शकतो. शोध भारतीय नोंदणीपुरता ठेवलाय की जागतिक केलाय, हेही विचार. ब्रिटन, अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये ए-26 मिळू शकतो. ताईचा अर्धा जुळणारा मॅरो वापरायचा का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध देऊन अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांट आता बऱ्याच ठिकाणी होतात, पण या आजारात मॅरो न रुजण्याची भीती अजून आहे. पिल्लाचं रक्त किती वेळा चढवावं लागतंय यावरही ते अवलंबून आहे, कारण प्रत्येक पिशवीबरोबर परक्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी तयार होण्याचा धोका वाढतो. म्हणून आजच विचार, आणि घरातल्या कुणाचं रक्त त्याला चढवू देऊ नकोस, ताईचं तर नाहीच. उत्तरं आली की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.