भजी, पुऱ्या आणि मांदेलीच्या तक्रारीला आमचं उत्तर

«रविवारी दुपारी दोनच्या सुमारास आईला घेऊन गेले होते. कांदाभजी बाहेरून काळपट आणि आत पीठ कच्चं. पुऱ्या चपट्या, दाबल्या की तेल सुटत होतं. मांदेलीचा रवा ताटातच गळून पडला. तेल किती तापलंय हे तिथे कोणी बघतं का? निदान एक थर्मामीटर तरी ठेवा.»

नमस्कार ताई,

तुमची तक्रार खरी आहे. आईंना हौसेने गिरगावात आमच्याकडे घेऊन आलात आणि त्यांच्या पुढ्यात असं ताट गेलं, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. सोमवारी सकाळी तळणीवरच्या मुलाला शेजारी उभं करून तुमची सगळी ऑर्डर त्याच क्रमाने पुन्हा तळून पाहिली, म्हणून आज हे नीट सांगू शकते.

तुमच्या भज्यांच्या आधी पाच-सात मिनिटं कढईत काहीच पडलं नव्हतं आणि खाली शेगडी मोठीच राहिली होती. तेलात माल असला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ तेलातली उष्णता ओढून घेते. माल नसला की ओढणारं कोणी नाही, तेल नुसतं चढत जातं. भज्यांना साधारण 165 ते 175 अंश पुरतात. रविवारी ते 200 च्या वर गेलं असणार, कारण सोमवारी तसंच तापू दिल्यावर हुबेहूब तुमच्यासारखी भजी निघाली. बेसन वरून मिनिटभरात काळवंडलं आणि कांद्याच्या गुंत्यातलं पीठ ओलंच राहिलं. आतपर्यंत उष्णता पोचायला जो वेळ लागतो, तो त्याला मिळालाच नाही.

भजी काळी पडलेली बघून मुलाने शेगडी एकदम बारीक केली आणि दुसरा घाणा काढला. त्या घाण्याने तेल आणखी उतरलं. त्याच तेलात, त्याच बारीक आचेवर, त्याने तुमच्या चार पुऱ्या एकदम सोडल्या. पुरीला भज्यांपेक्षा जास्त कडक तेल लागतं, 180 ते 190 अंश. लाटलेल्या पिठातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायच्या आत वरचा पापुद्रा धरला, तरच पुरी टम्म फुगते. मंद तेलात पापुद्रा धरेपर्यंत वाफ जागोजाग निसटून जाते. मग पुरी रंग येईपर्यंत तेलात पडून राहते आणि कडक होते.

तेल दाबल्यावर सुटत होतं, त्याला आणखी एक कारण आहे. तळताना वाफ बाहेर ढकलत असते, तोवर तेल फारसं आत शिरत नाही. पुरी बाहेर काढली, निवायला लागली, आतली वाफ विरली, की पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पुरी गरम असतानाच झाऱ्यावर उभी धरून कढईच्या काठाशी चार-पाच सेकंद निथळवायची असते. रविवारी घाईत पुऱ्या एकावर एक थेट ताटात रचल्या गेल्या.

मांदेलीची कढई वेगळी असते, शाकाहारी पदार्थ त्यात कधीच पडत नाहीत. तिथे घोळ गर्दीचा झाला. फ्रिजमधून काढलेली, आगळ-तिखट लावलेली ओली मांदेली रव्यात घोळवून बारा-पंधरा एकदम सोडली. गार आणि ओल्या मालाने तेल झटकन बसलं. रव्याचा थर लगेच धरला नाही, आतलं पाणी सुटून त्याने रवा सैल केला आणि तो गळला. गळलेला रवा तळाशी जळतो आणि पुढच्या घाण्याला कडवट वास लावतो, तेही तुम्हाला जाणवलं असेल.

आता थर्मामीटरचं. तो वाईट नाही. मागे एका ओळखीच्या मिठाईवाल्यांकडून आणून मी आमच्या खुणा त्याच्याशी ताडून पाहिल्या होत्या, वर दिलेले आकडे त्यातूनच डोक्यात बसले. पण रविवारी पारखच झाली नव्हती. एक वाजता एकदा बघितलं आणि दोनपर्यंत तेच धरून चाललो. थर्मामीटर असता तरी तो एक वाजता एकदाच लावून बघितला असता, तर तेच झालं असतं.

आमची पारख अशी असते. पुरीसाठी वाटाण्याएवढी पिठाची गोळी कडेने सोडायची. ती खाली जाऊन लगेच, बुडबुडे सोडत वर आली आणि रंग न घेता तरंगत राहिली, तर पुरी सोडायची. तळाशी बसून राहिली तर तेल कच्चं आहे. वर येता येता तांबूस झाली तर शेगडी बारीक करून थोडं थांबायचं. भज्यांसाठी पिठाचा एक थेंब टाकायचा. तो पुरीच्या गोळीपेक्षा जरा सावकाश, मनात दोन-तीन मोजेपर्यंत वर यावा आणि पिवळाच दिसावा. मासळीसाठी चिमूटभर कोरडा रवा भुरभुरायचा. तो पृष्ठभागावर फसफसून पसरला पाहिजे. गुपचूप खाली गेला तर थांबायचं, पडताच तपकिरी झाला तर तेल जास्त तापलं आहे.

रवा किंवा पीठ हाताशी नसेल तेव्हा लाकडी उलथन्याचं टोक तेलात धरतो, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे सतत उठले की तेल तळण्याजोगं झालं. टोक मात्र अगदी कोरडं हवं. घरी करून पाहणार असाल तर कळकळीने सांगते, पाण्याचा शिंतोडा मारून तेल पाहू नका, ते अंगावर उडतं. धूर येईपर्यंतही थांबू नका. ताज्या रिफाइंड शेंगदाणा तेलाला धूर यायला जवळपास 230 अंश लागतात, पुरीसाठी ते फारच जास्त. वापरलेलं तेल त्याच्या बरंच आधी धुरावतं, म्हणून धूर ही तापमानाची खूणच नव्हे.

सोमवारपासून तळणीवर तीन गोष्टी बदलल्या आहेत. कढई रिकामी राहिली की शेगडी बारीक होते आणि नवा घाणा टाकण्याआधी प्रत्येक वेळी गोळी किंवा थेंब सोडला जातो, मग आधी कितीही वेळा पाहिलेलं असो. पुऱ्या भज्यांच्या आधी, पूर्ण तापलेल्या तेलात, एका वेळी दोनच. मांदेली फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढून, जास्तीचं पाणी निथळवून, रव्यातून झटकून पाच-सहाच सोडली जाते, आणि बुडबुडे मंदावले की काढली जाते. मालातलं पाणी संपत आल्याची ती खूण असते. गर्दीच्या वेळी यामुळे ताट पाच-सात मिनिटं उशिरा येईल, ते आता गिऱ्हाइकांना आधीच सांगतो.

तुमचं बिल असेल तर घेऊन या, तिन्ही पदार्थांचे पैसे परत करायचे आहेत. बिल नसलं तरी या, रविवारचं दोनचं टेबल माझ्या लक्षात आहे. आईंना बरोबर आणा, आणि शक्य असेल तर एकच्या आधी या, म्हणजे पुऱ्या मी स्वतः सोडेन.