मृत साठा नावाचे पाणी

“तंत्रज्ञान म्हणजे नुसते हत्यार. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. दोष सुरीचा नव्हे, हाताचा. निसर्ग तर माणूस पहिल्यापासून वापरतच आला आहे. हायडेगरसारख्यांचे ऐकायचे तर यंत्रे टाकून झोपडीत राहायला जावे लागेल.”

तंत्रज्ञानावर टीका केली की हे उत्तर नेहमी ऐकू येते. त्यातले सुरीचे उदाहरण खोटे नाही. १९५३ साली म्युनिकमध्ये दिलेल्या ‘तंत्रज्ञानाविषयीचा प्रश्न’ या व्याख्यानात जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरही ते बरोबर म्हणूनच मान्य करतो. त्याचा आक्षेप एवढाच की तेवढ्याने तंत्रज्ञान म्हणजे काय हे कळत नाही. हत्यार हातात येण्यापूर्वी समोरची वस्तू आपल्याला कशी तरी दिसलेली असते, आणि ती कशी दिसावी हे कोणा एकाच्या चांगल्या किंवा वाईट हेतूने ठरत नाही. तंत्रज्ञान हा त्याच्या मते जग उघडे होण्याचा एक प्रकार आहे. आधुनिक तंत्रज्ञानात जे काही उघडे होते ते हुकमासरशी पुरवता यावे अशा रूपात होते, आणि त्या रूपाला त्याने जो जर्मन शब्द वापरला, ‘बेश्टांड’, त्याला मराठीत आपण रोज वापरतो तो शब्द चपखल बसतो: साठा.

नागपूरकरांना हा शब्द उन्हाळ्यात दररोज भेटतो. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणात किती टक्के ‘उपयुक्त साठा’ उरला, हे वाचून आपण नळाचा अंदाज बांधतो. उपयुक्त साठ्याच्या खाली ‘मृत साठा’ असतो. धरणाच्या सर्वांत खालच्या विमोचकाच्याही खाली जे पाणी राहते, जे दार उघडले तरी आपोआप वाहून येत नाही आणि ज्या जागेत वर्षानुवर्षे गाळ बसणार हे धरून चाललेले असते, ते हे पाणी. मासे त्यात जगतात, व्याघ्र प्रकल्पातली जनावरे त्याच्या काठावर येतात, तरी नोंदवहीत ते मृत. २०१९ साली पाऊस लांबला, शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले आणि या मृत साठ्यातून पाणी उचलण्याची वेळ आली. पाणी तेच आणि तिथेच होते. ते पुरवता येईल असे ठरताच हिशेबात जिवंत झाले. यात कोणाची सुरी कोणाच्या गळ्यावर होती? अभियंत्यांनी शहराची तहान भागवली, हे चांगलेच काम होते. तरीही पाणी आपल्याला ज्या रूपात दिसते ते रूप त्यांच्या हेतूंच्या आधीच ठरलेले होते.

वापर जुना आहे, हे खरे. पण हायडेगर दोन वापरांतला फरक दाखवतो. ऱ्हाइन नदीवरचा जुना लाकडी पूल नदीवर बांधलेला होता. जलविद्युत केंद्राच्या बाबतीत मात्र नदीच केंद्रात बसवलेली असते, पाण्याचा दाब पुरवणारा एक भाग म्हणून. पवनचक्कीविषयी तो म्हणतो की ती वाऱ्यातली ऊर्जा काढून साठवून ठेवत नाही. इथे मला त्याची कसोटी तोकडी वाटते, कारण साठवण आपल्याकडे जुनीच आहे. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाणी अडवण्यासाठीच बांधले गेले. फरक अडवण्यात नाही. तलावाचे पाणी त्या गावच्या धानाचे, त्या गावच्या माशांचे असते. पेंचचे पाणी मात्र पिण्याचे, सिंचनाचे की कोराडीच्या वीज केंद्रासाठीचे, हे वाटपाच्या तक्त्यात ठरते, आणि एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना त्याचे काहीच बदलत नाही. शहराचे सांडपाणीदेखील शुद्ध करून कोराडीला दिले जाते. त्यामुळे नदीचे पाणी वाचते, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण तक्त्याबाहेर आता काहीच उरलेले नाही, हेही त्यातून दिसते.

झोपडीविषयी. ब्लॅक फॉरेस्टमध्ये हायडेगरची झोपडी होती, यंत्रे टाकण्याचा सल्ला मात्र त्याने दिला नाही. तंत्रज्ञानाला सैतानी म्हणून शिव्या देणे त्याला आंधळेपणाने त्यामागे धावण्याइतकेच निरर्थक वाटत होते, आणि १९५५ च्या एका भाषणात त्याने उपकरणांना एकाच वेळी हो आणि नाही म्हणण्याची भाषा केली. त्याच्याशी माझे भांडण दुसरेच आहे. जुन्या पुलाकडे तो फार हळवेपणाने पाहतो. गावचे पाणी ‘गावचे’ होते म्हणजे कोणाचे होते, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर विचारावे लागले. लिटरमध्ये मोजलेल्या, नळातून आलेल्या पाण्याला कोणाची जात ठाऊक नसते. पाण्याचा साठा होण्यात ही सुटकाही आहे आणि ती मी सोडणार नाही. म्हणून धोका साठा मोजण्यात आहे असे मला वाटत नाही. मोजणे हाच पाहण्याचा एकमेव प्रकार उरला आणि बाकीचे प्रकार होते हेही विसरले गेले, तर तो धोका आहे. हायडेगरचे मुख्य म्हणणेही हेच आहे. तोतलाडोहच्या नावात डोह अजून आहे, पण धरणाच्या रोजच्या बातमीत आपण फक्त टक्के वाचतो.