ग्रुप जुळला, क्रॉसमॅच जुळला, तरीही कावीळ का झाली?

आपल्या भागात रक्ताची पिशवी आणायला निघालेला नातेवाईक ‘बी पॉझिटिव्ह’ एवढेच सांगतो, आणि ते सांगितले की आपले काम झाले असे त्याला वाटते. मी बेळगावात रक्तपेढीत काम करतो आणि त्या दोन शब्दांवर लोकांचा किती विश्वास असतो ते रोज पाहतो. प्रत्यक्षात एबीओ आणि आरएच धरून रक्तगटांच्या चाळीसहून अधिक प्रणाली आजवर मान्य झालेल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकांशी सामान्य रुग्णाचा आयुष्यात कधी संबंध येत नाही. मात्र बाळंतपणे झालेल्या स्त्रिया आणि वरचेवर रक्त घ्यावे लागणारे रुग्ण यांचा येतो, आणि आला की तो बऱ्याचदा ओळखताच येत नाही.

खानापूर तालुक्यातील एका बाईंचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी त्यांना रक्त द्यावे लागले होते. पुढे काही वर्षांनी गर्भाशयातील गाठीमुळे पाळीत अतिरक्तस्राव होऊ लागला आणि हिमोग्लोबिन ५.६ वर आले. एका दवाखान्यात त्यांना बी पॉझिटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी लावून पाहतात तो क्रॉसमॅच व्यवस्थित जुळला होता, रक्त चढताना थंडी-ताप काही आला नाही, हिमोग्लोबिन ७.७ झाले आणि बाई घरी गेल्या. आठव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अंगात कणकण राहू लागली. घरच्यांनी कावीळ धरली आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे गळ्यात काविळीची माळ पडली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते अशी समजूत आहे. ती माळ कशीही लांबते, पण त्या पायी चार दिवस जातात.

आमच्याकडे नमुना आला तेव्हा हिमोग्लोबिन पुन्हा ५.८ होते, आणि या काळात रक्तस्राव तर झालेलाच नव्हता. यकृताच्या तपासण्या जवळपास ठीक होत्या, बिलिरुबिन वाढले होते ते मुख्यतः अप्रत्यक्ष प्रकारचे. दिलेले रक्त शरीरातच फुटत होते. डायरेक्ट कूम्ब्स चाचणी फिकट पॉझिटिव्ह आली, म्हणजे काही तांबड्या पेशींवर अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रथिन, चिकटलेली होती. मग ज्यांवरचे अँटिजेन, म्हणजे पेशीचा गट ठरवणारे घटक, आधीच माहीत आहेत अशा अकरा पेशींच्या पॅनेलशी त्यांचा सीरम लावून पाहिला. ज्या पेशींवर किड प्रणालीचा ‘जेके-ए’ अँटिजेन होता त्यांच्याशी प्रतिक्रिया आली, जिथे तो नव्हता तिथे आली नाही. ज्या पेशींवर केवळ जेके-ए होता, त्याचा जोडीदार जेके-बी नव्हता, तिथे गुठळी जास्त घट्ट दिसली. तोच अँटिजेन दुहेरी मात्रेत असल्याने असे होते, आणि किडच्या अँटिबॉडीची ही खूण ओळखीची आहे.

किड प्रणाली १९५१ मध्ये सापडली, तीही एका बाईच्या नवजात बाळाला रक्त फुटण्याचा आजार झाला म्हणून. या प्रणालीच्या अँटिबॉडीचा खोडसाळपणा असा, की ती तयार झाल्यावर काही महिन्यांत रक्तातून इतकी कमी होते की क्रॉसमॅचमध्ये पकडताच येत नाही. शरीराला मात्र तिची आठवण राहते. तोच अँटिजेन पुन्हा आला की तीन ते चौदा दिवसांत अँटिबॉडी भराभर वाढते आणि चढवलेल्या पेशी फोडते. या बाईंची अँटिबॉडी बहुधा सिझेरियनच्या रक्तातून किंवा बाळाच्या रक्तातून तयार झाली असावी. दुसऱ्या वेळी ती तपासणीत दिसली नाही यात दवाखान्याचा दोष काढता येणार नाही. मात्र घाईत केवळ सलाइनमध्ये क्रॉसमॅच उरकण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे, तिला माझा आक्षेप आहे, कारण पेशींना चिकटलेली अँटिबॉडी दाखवणाऱ्या कूम्ब्स टप्प्याशिवाय ही अँटिबॉडी भरपूर असली तरी निसटू शकते.

मग उपाय काय? जेके-ए नसलेले दाते साधारण चार-पाच जणांत एक असतात. आम्ही अकरा बी पॉझिटिव्ह पिशव्या अँटि-जेके-ए सीरमने तपासल्या, तेव्हा दोन सापडल्या. त्या चढवल्या आणि हिमोग्लोबिन टिकले. बाईंच्या हाती एक कार्ड दिले: नाव, रक्तगट, ‘अँटि-जेके-ए आढळली, रक्त देताना जेके-ए निगेटिव्हच पिशवी घ्यावी’, तारीख आणि रक्तपेढीचा फोन. पुढे गाठीचे ऑपरेशन मिरजेला ठरले. आपली माणसे उपचाराला कोल्हापूर-मिरजेला जाणे रोजचेच आहे, आणि इकडचे रेकॉर्ड तिकडे आपोआप जात नाही. तिथे अँटिबॉडी स्क्रीनिंग निगेटिव्ह आले होते, अँटिबॉडी पुन्हा विरून गेली होती. कार्ड पाहून मगच तिथल्या रक्तपेढीने जेके-ए निगेटिव्ह पिशव्या राखून ठेवल्या. कार्ड नसते तर तेच चक्र पुन्हा फिरले असते.

गर्भारपणात किडपेक्षा मला जास्त काळजी केल प्रणालीची वाटते. किडची अँटिबॉडी बाळाला बहुधा सौम्य त्रास देते, केलची मात्र बाळाच्या पेशी फोडतेच, आणि अस्थिमज्जेत नव्या पेशी तयार होण्यालाही अटकाव करते. त्यामुळे बाळाला कावीळ फारशी न दिसता तीव्र रक्तक्षय होऊ शकतो आणि अँटिबॉडीचे प्रमाण कमी असले तरी निर्धास्त राहता येत नाही. बाळाच्या मेंदूतील धमनीच्या डॉपलरवर रक्ताचा वेग मोजत राहावे लागते. निगेटिव्ह गटाच्या स्त्रियांना दिले जाणारे अँटि-डी इंजेक्शन येथे निरुपयोगी आहे, केलसाठी असे इंजेक्शनच नाही. आपल्याकडे केल पॉझिटिव्ह माणसे थोडी असल्याने बहुतेक वेळा ही अँटिबॉडी नवऱ्याकडून बाळाला आलेल्या अँटिजेनमुळे नव्हे, तर आधी घेतलेल्या रक्तातून येते. मग नवऱ्याची तपासणी केल निगेटिव्ह आली तर त्या बाळाचा धोका जवळजवळ मिटतो. ब्रिटनमध्ये मुलींना आणि बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना केल निगेटिव्ह रक्तच देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे सरसकट ते जमेल असे मी म्हणणार नाही, पण पॉझिटिव्ह गटाच्या बाईला ‘तुम्हाला अँटिबॉडी तपासणीची गरज नाही’ असे सांगणे चूकच आहे. पूर्वी रक्त घेतले असेल तर पहिल्याच तिमाहीत ती तपासणी व्हावी.

थॅलेसेमियाच्या मुलांबाबत वेळ आणखी आधी येते. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते आणि कालांतराने अंगात दात्यांच्याच पेशी जास्त असतात, मग मुलाचा स्वतःचा किड-केल गट नेहमीच्या सीरमने नीट वाचता येत नाही. तो गट पहिली पिशवी चढवण्याआधी काढून फाइलीत लिहून ठेवावा, निदान आरएचचे सी, ई हे अँटिजेन आणि केल तरी जुळवून रक्त द्यावे. नंतर तो शोधायचा तर डीएनए तपासणी करावी लागते, तिला वेळ लागतो आणि खर्चही कितीतरी जास्त येतो.