फोटोवर बदाम टाकण्याआधी पट्टा बघा

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मावसभावाने फोटो टाकला. त्याची सात महिन्यांची छकुली, नवी कोरी कार सीट, खाली ओळ: ‘दुपारी नाशिकला निघतोय, पहिली लाँग ड्राइव्ह!’ दहा मिनिटांत फोटोखाली बदामच बदाम. किती गोड, दृष्ट काढा, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. एवढ्या मोठ्यांपैकी एकानेही ती सीट गाडीला कशी बांधलीये ते बघितलं नाही. मी बघितलं आणि त्याला तडक फोन लावला. अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

तुम्हा बऱ्याच जणांना माहीत आहे, अमेरिकेत राहत असताना मी मुलांच्या कार सीट तपासण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. ठाण्यात परतल्यापासून ओळखीतले लोक फोटो पाठवून विचारतात, ‘बरोबर बसवलीये ना?’ ते विचारतात याचं मला कौतुकच आहे. राग येतो तो न बघता ‘परफेक्ट’ म्हणणाऱ्यांचा.

तर छकुलीचा फोटो. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे, म्हणजे सीट रिअर-फेसिंग. सात महिन्यांच्या बाळाला अगदी योग्य. सीट मागच्या बाकावर, हेही योग्य. पण सीटच्या कवचाच्या पाठीवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला असलेल्या भागावर, एक निळा खाचेचा हूक असतो, तो फोटोत रिकामा दिसत होता. गाडीचा सीटबेल्ट दोन भागांचा असतो, एक कमरेवरून जाणारा आणि एक खांद्यावरून तिरका येणारा. भावाच्या सीटसारख्या, बेल्टने बांधायच्या बहुतेक रिअर-फेसिंग सीटमध्ये कमरेचा पट्टा बाळाच्या पायांकडच्या निळ्या खाचांतून जातो आणि तिरका पट्टा कवचाच्या पाठीमागून वळसा घालून त्या निळ्या हुकात बसतो. निळं म्हणजे रिअर-फेसिंगचा मार्ग, लाल म्हणजे फॉरवर्ड-फेसिंगचा. फोटोत मात्र दोन्ही पट्टे एकत्र करून पायांकडच्या खाचांतून ओढले होते. वळसा नाहीच.

समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण सीट पुढे जायला बघते. कवचाची पाठ पुढच्या बाजूला असते, म्हणून त्या पाठीला धरून ठेवणारा वळसा हवा. तो नसेल तर सीट फक्त पायांकडे बांधलेली राहते आणि कवच पुढच्या सीटवर जाऊन कलंडतं. हे ओळखायला प्रशिक्षण लागत नाही. रिकामा निळा हूक कुणालाही दिसतो. बघितलं तर.

मी विचारलं, ‘हे कुणी बसवलं?’ तर म्हणे, ‘ताई, दुकानातल्या माणसाने पार्किंगमध्ये येऊन बसवून दिलं. बेल्ट मागून पोचत नव्हता, म्हणून त्याने असं केलं. चालतं म्हणाला.’

चालतं म्हणाला! कुणाच्या जिवावर चालतं म्हणाला? त्या माणसाला बेल्ट कमी पडतोय हे दिसलं होतं. म्हणजे ही सीट या गाडीत रिअर-फेसिंग बसत नाही, हेही त्याच्यासमोर उघड होतं. पण मग विक्री गेली असती. दुकानाचं नाव मी इथे घेणार नाही, पण माझं रक्त खवळलंय.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत हे सर्रास होतं. मागच्या बेल्टची लांबी मोठ्या माणसाच्या हिशेबाने ठेवलेली असते आणि रिअर-फेसिंग सीटला वळसा घालायला त्याहून बराच पट्टा लागतो. मी भावाला व्हिडिओ कॉलवर बेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढायला लावला. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मार्गाने पुन्हा नेऊन बघायला लावला. बकलपासून वीतभर कमी. दुसऱ्या खिडकीच्या बाजूलाही तेच. विषय संपला. ओढून-ताणून, बेल्टला जोड देऊन किंवा मार्ग बदलून बसवायची ही वस्तू नाही. मॅन्युअलमध्ये दुसरा मार्ग छापलेला असेल तरच दुसरा मार्ग.

तो बिचारा म्हणाला, ‘मग तोंड पुढे करून बसवू का? तसा बेल्ट पुरतो.’ नाही रे बाबा. एवढ्या लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. तोंड पुढे असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदम कवचावर टेकतात. युरोपच्या आर-129 नियमात पंधरा महिन्यांच्या आत तोंड पुढे करायची मुभाच नाही. पंधरा महिने झाले की लगेच वळवा, असाही त्याचा अर्थ नाही.

मधेच मावशी फोनवर आली. ‘अगं, मी घेते ना तिला मांडीवर. तुम्हाला काय आम्ही मांडीवर नाही वाढवलं?’ वाढवलंत, मावशी. आणि तुझ्या मायेबद्दल कुणाला शंका नाही. पण धडकेच्या वेळी कुणाच्याही हातात बाळ धरून ठेवण्याइतकं बळ नसतं, पैलवानाच्याही नाही. आणि कायदाही मांडी मानत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194बी मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. हजार रुपयांनी कुणी घाबरत नाही, मान्य. सीटच्या किमतीपुढे तो दंड काहीच नाही, हेही मान्य.

आता छकुलीच्या पट्ट्यांकडे येते, कारण तिथेही गडबड होती. हार्नेसचे, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधणारे, खांद्यावरचे पट्टे तिच्या कानांच्या उंचीवरून निघत होते. रिअर-फेसिंगमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. धडकेत बाळ कवचावरून वर, डोक्याच्या दिशेने सरकतं. पट्टे खालून येत असतील तर खांदे दाबून ठेवतात, वरून येत असतील तर बाळ तेवढं वर सरकतं आणि मगच ते अडवतात. फॉरवर्ड-फेसिंगला नेमकं उलट, खांद्याच्या रेषेत किंवा वर. म्हणून मोठ्या मुलीच्या सीटवरून उंची बघून बाळाची लावू नका.

दुसरं, उजव्या पट्ट्याखाली गडद सावली दिसत होती, म्हणजे पट्टा अंगापासून सुटलेला होता. आणि पाठीमागे मावशीने घडी घालून ठेवलेला दुपट्टा. ‘प्लास्टिक टोचेल ना.’ तो दुपट्टा काढला तर पट्टा अजूनच सैल झाला, कारण कापड दबतं आणि धडकेत तेवढी सगळी जागा रिकामी होते. सीटबरोबर कंपनीने दिलेली गादी सोडून बाळाच्या खाली किंवा मागे काही ठेवायचं नाही. थंडी वाटली तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण.

पट्टे घट्ट कसे करायचे तेही त्याला करून दाखवायला लावलं, कारण लोक समोरची दोरी नुसती ओढतात आणि ढिल मांड्यांपाशी तशीच राहते. आधी मांडीजवळची ढिल वर खेचायची, छातीकडे आणायची, मग समोरची दोरी ओढायची. नंतर कॉलरच्या हाडावर पट्टा बोटांच्या चिमटीत धरून घडी पाडायचा प्रयत्न करायचा. घडी पडली तर सैल. बोटं घसरली तर ठीक. हे मात्र फोटोत कधीच कळत नाही. सुटलेला पट्टा दिसतो, पण नुसता दिसायला बरा वाटणारा पट्टा घट्टच आहे असं फोटो सांगू शकत नाही. म्हणून फोटो बघून मी ‘चूक आहे’ म्हणू शकते, ‘बरोबर आहे’ असं कधी म्हणत नाही.

सीट हलते का, तेही तसंच. गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे धरून साध्या जोराने हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर सैल. वरची कड धरून गदागदा हलवू नका, रिअर-फेसिंगमध्ये ती हलतेच. त्यावरून घाबरून फोन करणारे खूप आहेत.

अमेरिकन व्हिडिओ बघून छातीवरची क्लिप शोधणाऱ्यांसाठी: आपल्याकडच्या बहुतेक सीट युरोपियन मानकाच्या आहेत, त्यांना ती क्लिप नसतेच. बाजारातून वेगळी आणून लावू नका.

हो, मला माहीत आहे, सीट महाग आहेत, गाड्या लहान आहेत आणि बाळ रडतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रडणारं बाळ काय असतं तेही माहीत आहे. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. गाडी बाजूला घ्या, बाळाला बाहेर काढा, शांत करा, परत बसवा. पट्टा सैल करणं हा पर्याय नाही.

शेवटी आज ते नाशिकला गेले नाहीत. भाऊ थोडा खट्टू झाला, पण त्याने ऐकलं, आणि त्यासाठी मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याच्या गाडीत मागच्या बाकाच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत बोटं घातली तर धातूच्या दोन कड्या लागतात, म्हणजे आयसोफिक्स आहे, बेल्टऐवजी सीट थेट गाडीला अडकवायची सोय. त्यामुळे पुढे गाडीच्या तळावर टेकणारा आधाराचा पाय असलेली आयसोफिक्स सीट त्याला बसू शकेल, तिथे बेल्टच्या लांबीचा प्रश्नच येत नाही. पण तो पाय गाडीच्या भक्कम तळावर टेकायला हवा. तळाखाली सामानाचा पोकळ कप्पा असेल तर टेकवू नये. आणि घेण्याआधी सीटच्या कंपनीने दिलेल्या गाड्यांच्या यादीत आपली गाडी आहे का ते बघायचं. दुकानवाला जुनी सीट परत घ्यायला नाही म्हणतोय, त्याच्याशी मी उद्या स्वतः जाऊन बोलणार आहे.

ज्यांना फोटो पाठवायचेत त्यांनी इनबॉक्समध्ये पाठवा. गाडी सपाट जागी उभी करा, पार्किंगच्या उतारावर नको, नाहीतर सीटचा कल चुकीचा दिसतो. एक फोटो दार उघडून, फोन सीटच्या उंचीवर सरळ धरून, बाजूने. एक पुढच्या दोन सीटच्या मधून, कवचाची पाठ आणि त्यावरचे हूक दिसतील असा. एक बाळाला बांधून, पांघरूण न घालता, दोन्ही खांदे दिसतील असा. आणि सीटच्या लेबलचा एक. गोड हसणारा फोटो वेगळा पाठवा, तोही बघेन.