सर म्हशीवाल्यासंगं भांडायलते

कोल्हापुरात दहावीच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या माणसाला कवितेची भीती वाटत नाही, निबंधाची तर नाहीच नाही. मला धडकी भरते ती एकाच प्रश्नाची: 'पुढील वाक्यातील बोलीभाषेतील शब्द ओळखा व वाक्य प्रमाणभाषेत लिहा.' गुण मूठभर, पण त्यापायी आख्खी संध्याकाळ जाते. प्रश्न काढणाऱ्यानं धरून चाललेलं असतं की बोली ही लांब कुठंतरी, दुसऱ्याच कुणाची असते. मंगळवार पेठेत ते धरणं पहिल्याच बाकावर सुटतं. वाक्य फळ्यावर लिहून "यात बोलीतलं काय आहे?" असं विचारलं की पोरं ते दोनदा वाचतात आणि अगदी प्रामाणिकपणे सांगतात, "सर, ह्यात कायबी न्हाई."

मालवणी किंवा अहिराणी उतारा दिला की हीच पोरं वाघ होतात. तिथं सगळंच परकं, त्यामुळं पेन्सिल थांबत नाही. अडतं ते घरच्या वाक्याशी. म्हणून मी एकदा सांगितलं, की प्रत्येकानं घरात कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं लिहून आणायचं. एका मुलीनं आपल्या आईचं वाक्य आणलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं:

"सकाळी मी गंगावेशीत दूध आणायला गेलतो, तवा तुझे सर म्हशीवाल्यासंगं वैरणीवरनं भांडायलते."

वर्गात जे व्हायचं ते झालं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दूध देतात आणि तिथं सकाळी कोण कोण असतं हे सगळ्या पेठेला ठाऊक असतं. घटनेच्या खरेपणाबद्दल मी काही बोलणार नाही. व्याकरणापुरतं बोलतो, कारण व्याकरणासाठी यापेक्षा चांगलं वाक्य मला आजवर मिळालेलं नाही.

"बोलीतला शब्द कुठला?" मी विचारलं.

"सर, वैरण!" मागून आवाज आला.

"का?"

"गावाकडं म्हणत्यात तसं."

आता गंमत बघा. वैरण हा चोख प्रमाण मराठी शब्द. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशातही तो आहे. बोलीतलं जे होतं ते या पोराच्या स्वतःच्या उत्तरात होतं, 'म्हणत्यात', आणि त्याकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. वैरणीला म्हशीचा वास येतो म्हणून ती बोली, असा मुलांचा हिशेब असतो. त्याच हिशेबानं ती 'शिवार' खोडतात, 'खुळा' खोडतात. एकानं तर 'तांबडा रस्सा' खोडून 'लाल रस्सा' केला होता. तांबडा हा प्रमाण शब्द आहे असं मी म्हटल्यावर त्याला धक्काच बसला. मला धक्का बसला तो कोल्हापूरच्या पोरानं 'लाल रस्सा' लिहिलं याचा. शब्द कुठं राबतो यावरून तो बोलीतला ठरत नाही. प्रमाण लेखनात त्या अर्थानं, त्या रूपात तो चालतो का, एवढंच बघायचं. वैरण चालते. तिच्यामागचं 'वरनं' चालत नाही, तिथं 'वरून' लागतं. म्हणजे 'वैरणीवरनं' या शब्दाची मान शाबूत ठेवायची आणि शेपूट तेवढं बदलायचं.

'तवा'चं 'तेव्हा' सगळ्यांना जमलं. 'म्हशीवाल्यासंगं'चं कुणी 'संगे' केलं. ते अभंगात शोभतं, दूध कट्ट्यावर नाही. भांडण 'शी' प्रत्ययानं होतं: म्हशीवाल्याशी.

खरी लढाई पुढं होती. वाक्यात 'आणायला' आहे आणि 'भांडायलते' आहे. एका हुशार मुलानं दोन्हींच्या खाली रेघ मारली, दुसऱ्या हुशार मुलानं दोन्ही सोडून दिले. दोघांचाही अर्धा गुण जाणार होता. 'आणायला' हे हेतू सांगतं. गेली कशासाठी? दूध आणायला. हे प्रमाणातही असंच आहे, त्याला हात लावायचा नाही. आता तोच प्रश्न 'भांडायलते'ला विचारा. सर कशासाठी? भांडायला? (तसं कुणाला वाटत असेल तर तो वेगळा विषय.) इथं हेतू नाहीच, क्रिया चालू आहे. आपण 'काय करायलास?' म्हणतो तेव्हा 'काय करतो आहेस?' एवढंच विचारायचं असतं. 'जेवायलोय' म्हणजे जेवतो आहे, 'भांडायलते' म्हणजे भांडत होते. ओळखायची खूण सोपी आहे: 'आयला'च्या शेपटाला 'लोय, लास, लंय, लते' असं काही लटकलेलं दिसलं, म्हणजे क्रिया कुणाची आणि कधीची हे त्यातच आलं, की ते बोलीतलं. नुसतं 'आयला' असून पुढं दुसरं क्रियापद आलं तर बहुधा ते प्रमाण. असलं 'करायलास' लातूरकडंही ऐकू येतं, त्यामुळं हे आपलंच पेटंट आहे असं समजून छाती फुगवण्यातही अर्थ नाही.

एवढं सांगून झाल्यावर मी खात्रीसाठी 'पाऊस पडायलाय' दिलं. निम्म्या वर्गानं लिहिलं: 'पाऊस पडायला लागला आहे.' दिसायला अगदी शुद्ध. पण 'पडायला लागला' म्हणजे आत्ता सुरू झाला. 'पडायलाय' तर जुलैत सकाळपासून रात्रीपर्यंत म्हणता येतं आणि आपण तसं म्हणतोही. हवं होतं 'पाऊस पडतो आहे.' भाषा शुद्ध करताना पावसाची वेळ बदलली, हे काही मुलांना पटेना. "सर, पाऊस तर पडायलाच लागलाय की," असं म्हणून एकानं खिडकीकडं बोट दाखवलं. बाहेर खरोखरच आत्ता सुरू झाला होता. पुराव्यापुढं मी गप्प बसलो.

उरलं 'गेलतो'. याचं 'गेलो होतो' सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. कोल्हापुरात 'गेलतो, आलतो, केलतं' हे होतो-होतं आत मुरवून बोललं जातं, ते बाहेर काढलं की काम झालं, असा मुलांचा समज. मी फळ्यावर 'मी दूध आणायला गेलो होतो' लिहिलं आणि विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"हिची आई."

"मग?"

"मग काय सर?"

मग काहीच नाही. कुणालाही काहीही खटकलं नाही, वाक्य आणणाऱ्या मुलीलासुद्धा नाही. कारण आमच्याकडं बायका आणि मुली स्वतःबद्दल बोलताना सर्रास 'मी आलो, मी जातो, मी गेलतो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी भुवया उंचावल्या की मगच कळतं, यात काहीतरी आहे. प्रमाण मराठीत आईनं 'मी गेले होते' म्हणायला हवं. म्हणून 'गेलतो' सोडवताना दोन पायऱ्या येतात. आधी आत मुरलेलं 'होतो' वेगळं करायचं, नंतर बोलणारं माणूस बाई की बाप्या हे बघून लिंग बदलायचं. पहिली पायरी सगळे चढतात, दुसरी आहे हेच कुणाला माहीत नसतं. आणि हे फक्त 'मी'च्या बाबतीत होतं. तीच बाई शेजारणीबद्दल बोलताना 'ती गेलतो' चुकूनही म्हणणार नाही, 'ती गेलती'च म्हणेल. म्हणजे लिंग कळत नाही असं नाही, स्वतःपुरतं ते लावायची पद्धत नाही. म्हणून परीक्षेत 'मी' दिसला की वाक्याच्या आगेमागे कोण बोलतंय ते शोधायचं. ते कुठंच दिलेलं नसेल तर 'गेलो होतो' लिहून मोकळं व्हायचं.

शेवटी फळ्यावर वाक्य उभं राहिलं: 'सकाळी मी गंगावेशीत दूध आणायला गेले होते, तेव्हा तुझे सर म्हशीवाल्याशी वैरणीवरून भांडत होते.' शुद्ध भाषेत ते भांडण फारच सुसंस्कृत वाटायला लागलं.

तेवढ्यात मघाचा हुशार मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही तर 'केलं, सांगितलं' म्हणता. पुस्तकात 'केले, सांगितले' हाय. मग तुमचं पण बोलीच की." मी या प्रश्नाचीच वाट बघत होतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली आले, त्याच वर्षी इथं शिवाजी विद्यापीठही निघालं. १९७२ साली चार नियमांची भर पडून एकूण अठरा झाले. त्यांतला एक नियम नेमका याबद्दल आहे: पात्राच्या तोंडी बोलणं घालायचं असेल तर 'असं केलं, मी म्हटलं' हे अनुस्वारानं लिहायचं, एरवी 'असे केले, मी म्हटले'. म्हणजे 'केलं' हा बोलीचा गुन्हा नाही, प्रमाणभाषेचाच घरातला सदरा आहे. (हा लेखही मी तोच घालून लिहितोय.) पण उत्तरपत्रिकेत एका वाक्यात 'केलं' आणि पुढच्यात 'सांगितले' असं लिहू नये. परीक्षक अनुस्वार माफ करतो, धरसोड करत नाही. याच नियमांत 'कोणता' लिहावं, 'कोणचा' लिहू नये, असंही आहे. आमचं 'कंचा' तर त्या 'कोणचा'च्याही पलीकडचं, त्यामुळं नियम करणाऱ्यांना बहुतेक त्याची गरजच वाटली नसावी.

एवढ्यात मुलीला न्यायला तिची आई आली. लेकीनं उत्साहानं वही पुढं केली आणि 'मी गेलतो'खालची रेघ दाखवली. माउलीनं वाक्य वाचलं, माझ्याकडं एक नजर टाकली, आणि म्हणाली, "सर, मी असलं कायबी बोलत न्हाई. मी शुद्धच बोलतो की."

लेकीनं तिथंच वही गुडघ्यावर घेऊन ते वाक्य उतरवून घेतलं आणि भराभर रेघा मारल्या. 'कायबी'चं 'काहीही', 'न्हाई'चं 'नाही', 'बोलतो'चं 'बोलते'. सगळं बरोबर. फक्त 'असलं'च्या खालीही तिनं एक रेघ मारली होती, ती मी खोडली. 'असलं' बिचारं प्रमाणच आहे.