मिक्सरवाल्या काकांनी माझे कान तपासले

कालची गोष्ट, अजून डोकं तापलेलं आहे. डाव्या स्पीकरमधून ढोलकी येत होती, पण झांजा गायब. वायरी डाव्या-उजव्या बदलून पाहिल्या तरी मुका तोच डबा राहिला, म्हणजे ॲम्प निर्दोष, रोग डब्यात. माझा मल्टिमीटर भाच्याने नेलेला, म्हणून डबा स्कूटीवर पायाशी उभा करून उन्हात बर्डीला रिपेरिंगच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने डब्याच्या मागच्या टर्मिनलला मीटर लावला. ५.९ ओहम. "चांगला आहे."

मी म्हटलं, भाऊ, मागून तुम्हाला फक्त जाड आवाजाचा वूफर दिसून राहिला. बारीक आवाजाच्या ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असते, मीटरचा डीसी करंट तिथून जातच नाही, ट्वीटर जळून कोळसा झाला असता तरी मागे ५.९ च दिसले असते.

दुकानदार काही बोलला नाही. बोलले ते शेजारी मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसलेले काका, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"वय काय तुमचं?"

"सत्तेचाळीस."

"मंग बरोबर आहे. चाळिशीनंतर वरचे आवाज जातेच. माह्या साळ्याचे गेले. तो बी स्पीकरच बदलत होता."

"काका, उजव्या डब्यातून ऐकू येते ना, त्याच कानांनी."

"उजवा कान चांगला असन तुमचा."

मी डब्यांची जागा बदलून पाहिली होती हे सांगितलं. काकांनी जरा विचार केला. "मंग भिंतीचा दोष असन." पुढे साळ्याने घेतलेलं श्रवणयंत्र, त्याची किंमत, त्याच्या बायकोने ते कसं वॉशिंग मशीनमध्ये टाकलं, हे सगळं झालं. आणि काका चुकीचं बोलत होते असंही नाही हो, वय वाढलं की वरचे आवाज खरंच कमी होतात, तेच तर जास्त लागलं.

शेवटी दुकानदाराने चार स्क्रू काढून ट्वीटर बाहेर ओढला आणि वायरी लागलेल्या असतानाच त्यावर मीटर ठेवला. ०.६. "शॉर्ट आहे. जळला. जोडीच घ्यावी लागते, एकटा नाही भेटत."

"पाहा, म्हणलं नव्हतं?" काका. ते नव्हतं म्हणलं! ते कान म्हणले होते!

आता हा ०.६ कुठून आला ते ऐका. डब्यातला जो बोर्ड जाड-बारीक आवाज वूफर-ट्वीटरला वाटून देतो तो क्रॉसओव्हर, बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरला समांतर तांब्याच्या तारेची एक कॉइल असते, तिचा स्वतःचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास. वायरी लागलेल्या असल्या की मीटर त्या कॉइलचाच आकडा दाखवतो, ट्वीटर जिवंत असो की मेलेला. म्हणजे मागून मोजलं की ट्वीटर लपतो आणि इथून मोजलं की नेहमी मेलेला वाटतो, कुळाचा बेपत्ता जावई जसा, घरी विचारा तर "ठणठणीत", बाहेर विचारा तर "गेला". शिवाय जळालेला ट्वीटर सहसा शॉर्ट होत नाही, आतली बारीक तार तुटते आणि मीटरवर नुसता १ येतो, म्हणजे वाटच बंद.

"एक वायर काढून मोजा ना." "हाताला काम आहे भाऊ." हात तर मोबाईलवर होता! तपासणीचे शंभर दिले, डबा उचलला, भाच्याच्या घरून मीटर ओढून आणला.

घरी डब्याला ॲम्पची वायर लागलेली नाही हे पाहून ट्वीटरची एक क्लिप उपसली, मीटर २०० ओहमवर. ५.६. चक्क जिवंत. आठ ओहमचा ट्वीटर मीटरवर साडेपाच-सहा दाखवतो, तसाच. म्हणजे दोष अलीकडे. बोर्डावर काचेचा फ्यूज होता, दिसायला साबूत, पण काचेतून पाहून समाधान मानू नका, केसाएवढी तूट टोपीखाली लपते. तो मोजला, शून्याच्या जवळ, ठीक. (फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा लावायचा, मोठ्या आकड्याचा किंवा चांदीचा कागद गुंडाळून लावलात तर पुढच्या वेळी खरोखर ट्वीटर जळेल.) त्याच्या पुढे कपॅसिटरआधी पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, अंगावर 2R2 5W, म्हणजे २.२ ओहम, ५ वॅट. एका कडेला करपल्याचा तांबूस डाग. मीटर लावला तर १. हा मेलेला. पुढे कपॅसिटर डीसी अडवत असल्यामुळे जागेवरच मोजला तरी चालतो, आणि उजव्या डब्यातला भाऊबंद २.४ दाखवत होता, त्यातले वरचे ०.२ मीटरच्या तारांचेच.

भाच्याच्या हळदीला लहान ॲम्प शेवटपर्यंत पिळला होता. असा फाटका आवाज वरच्या भागात जास्त ताकद ढकलतो, यावेळी तो रेझिस्टरवर भागला.

दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत दुसऱ्या दुकानातून तसाच रेझिस्टर आणला, किरकोळ पैशाला. परत येताना पहिल्या दुकानात डोकावून सांगितलं, ट्वीटर ठीक होता, शंभर परत द्या. तो म्हणाला, "शंभर तपासायचे असते, बरोबर तपासायचे नाही." काका आज नव्हते. त्यांचं भांडं मात्र अजून तिथेच पडलेलं, बहुतेक तेही शॉर्ट निघालं असेल.