तेरीज नेमकं काय तपासते? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "खरेदी पुस्तकातला प्रत्येक व्यवहार पक्षकाराच्या खात्यावर लगेच घ्यायचा, आणि खरेदी खात्यावर मात्र महिनाअखेर एकच बेरीज टाकायची, हे तुम्ही कारण न सांगता लिहून मोकळे झालात. मग महिनाभर दुहेरी नोंद अर्धीच राहते ना? रोख पुस्तकातलं सगळं उलट बाजूला न्यायचं, पण सूट रकान्याची बेरीज त्याच बाजूला, हाही नुसता पाठांतराचा नियम. वर तेरीज जुळली तरी हिशेब तपासा म्हणता. मग ती करायचीच कशाला? सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं."

तुमचे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. म्हणून एक छोटा महिना घेऊन तो शेवटपर्यंत नेतो. पक्षकारांना अ, ब, क, ड म्हणू. अ आणि ब आपल्याला माल विकतात. क आणि ड आपल्याकडून घेतात.

मालकाने १ तारखेला ५०,००० रोख भांडवल आणलं. खरेदी पुस्तकात महिनाभरात तीन उधार नोंदी झाल्या. ३ तारखेला अ कडून २०,०००, ९ तारखेला ब कडून १३,५०० आणि २१ तारखेला पुन्हा अ कडून ८,५००. ब चं बीजक मुळात १५,०००चं होतं, पण त्यात १० टक्के व्यापारी सूट होती. व्यापारी सूट बीजकातच वजा होते, तिचं खातं उघडत नाही, म्हणून पुस्तकात निव्वळ रक्कमच येते. तीन नोंदींची बेरीज ४२,०००.

विक्री पुस्तकात ६ तारखेला क ला १८,०००, १४ तारखेला ड ला १२,०००, २५ तारखेला क ला ९,०००, एकूण ३९,०००. खरेदी परत पुस्तकात ११ तारखेची एकच नोंद आहे. ब ला १,००० किमतीचा माल परत गेला, पण तो आपण १० टक्के सूट घेऊन विकत घेतलेला, म्हणून नोंद ९००चीच. विक्री परत पुस्तकात १७ तारखेला ड कडून २,०००चा माल परत आला.

आता तुमचा पहिला प्रश्न. ३ तारखेला अ च्या खात्यावर २०,००० जमा केले आणि खरेदी खात्यावर काहीच लिहिलं नाही. खातेवहीपुरतं बोलायचं तर तुमचं म्हणणं खरं आहे: त्या क्षणी नोंद अर्धीच आहे. उरलेली अर्धी खरेदी पुस्तकात थांबलेली असते. व्यवहाराची मूळ नोंद त्या पुस्तकात पूर्ण झाली आहे. फक्त खरेदी खात्यावर जाणारा भाग तिथे साठत राहतो आणि महिनाअखेर एका आकड्यात खातेवहीत उतरतो. अ ला मात्र थांबवून चालत नाही. त्याचं किती देणं आहे हे कुठल्याही दिवशी सांगता आलं पाहिजे. खरेदी एकूण किती झाली, हा प्रश्न सहसा महिन्याच्या शेवटीच पडतो.

हा साठलेला भाग आकड्यांत दाखवता येतो. समजा कोणी १५ तारखेला पुस्तकांच्या बेरजा न उतरवताच तेरीज मांडली. रोख शिल्लक ४६,००० (५०,००० मधून २ तारखेचं भाडं ४,००० गेलं), भाडं ४,०००, क कडे १८,०००, ड कडे १२,०००; नावे बाजू ८०,०००. भांडवल ५०,०००, अ चे २०,०००, ब चे १२,६००. जमा बाजू ८२,६००. फरक २,६००. आता पुस्तकांत काय अडकलंय ते बघा. खरेदी ३३,५०० नावे पडायची आहे; विक्री ३०,००० आणि खरेदी परत ९०० जमा व्हायचे आहेत. ३३,५०० मधून ३०,९०० वजा केले की तेच २,६००. म्हणजे काहीही हरवलेलं नाही. महिन्याच्या मधे तेरीज हवी असेल तर पुस्तकांच्या तोवरच्या बेरजा आधी उतरवाव्या लागतात, इतकंच.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक विद्यार्थी इथेच अडतात आणि बहुतेक शिकवणारे इथे नुसता नियम सांगून पुढे जातात. रोख पुस्तकात नावे बाजूला भांडवल ५०,०००, १६ तारखेची रोख विक्री ६,००० आणि २० तारखेला क कडून आलेले १७,६०० आहेत. क चे १८,००० येणं होतं, लवकर पैसे दिले म्हणून ४०० रोख सूट दिली. ते ४०० त्याच ओळीत सूट रकान्यात लिहिले. जमा बाजूला भाडं ४,०००, २३ तारखेला अ ला दिलेले १९,५०० (सूट मिळाली ५००, मिटले २०,०००) आणि २८ तारखेचा पगार ६,०००. आले ७३,६००, गेले २९,५००, शिल्लक ४४,१००.

रोख पुस्तकाचा रोख रकाना हे स्वतःच रोख खातं आहे. खातेवहीत रोख खातं वेगळं उघडत नाहीत. ४४,१०० थेट तेरजेत जातात. ५०,००० तिथे नावे लिहिले तेव्हाच रोख खात्याची बाजू पूर्ण झाली. उरली ती भांडवलाची बाजू, आणि ती उलटच असणार. म्हणून रोख रकान्यातली प्रत्येक रक्कम समोरच्या खात्यावर उलट बाजूला जाते.

सूट रकाना मात्र कुठलंच खातं नाही. ती फक्त टिपून ठेवायची जागा आहे, म्हणून त्याची शिल्लकही काढत नाहीत, नुसती बेरीज करतात. खातेवहीत क च्या खात्यावर १७,६०० आणि ४०० असे दोन्ही जमा होतात. त्यातल्या १७,६००ची नावे बाजू रोख खात्यात आहे. ४००ची नावे बाजू अजून कुठेच नाही. ती दिलेल्या सूट खात्यावर नावे पडते, आणि रकाना नावे बाजूलाच असल्यामुळे 'त्याच बाजूला' नेल्यासारखं दिसतं. मिळालेल्या ५००चं याच्या उलट: अ च्या खात्यावर ते नावे पडले, म्हणून मिळालेल्या सूट खात्यावर जमा. एवढं कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. खरेदी पुस्तकालाही हाच विचार लागू पडतो. तेही खातं नाही, म्हणून त्याची बेरीज खरेदी खात्यावर स्वतंत्रपणे न्यावी लागते.

महिनाअखेर सगळ्या बेरजा उतरवल्यावर तेरीज अशी येते:

| खातं | नावे | जमा |
|---|---|---|
| रोख | ४४,१०० | |
| खरेदी | ४२,००० | |
| विक्री परत | २,००० | |
| भाडं | ४,००० | |
| पगार | ६,००० | |
| दिलेली सूट | ४०० | |
| क | ९,००० | |
| ड | १०,००० | |
| भांडवल | | ५०,००० |
| विक्री | | ४५,००० |
| खरेदी परत | | ९०० |
| मिळालेली सूट | | ५०० |
| अ | | ८,५०० |
| ब | | १२,६०० |
| एकूण | १,१७,५०० | १,१७,५०० |

विक्री खात्यावर ४५,००० कसे, असं कोणी विचारेल: विक्री पुस्तकातून ३९,००० आणि रोख पुस्तकातून ६,०००. रोख विक्री विक्री पुस्तकात लिहायची नसते.

आता तेरीज करायची कशाला. पुस्तकात व्यवहार एकदाच लिहिला जातो. तिथून खतावणीला दोन वाटा फुटतात. एका वाटेने सुट्या रकमा पक्षकारांच्या खात्यांवर जातात, दुसऱ्या वाटेने त्यांची बेरीज मुख्य खात्यावर जाते. दोन्ही वाटा पुन्हा तेरजेत भेटतात. म्हणून वाटा फुटल्यानंतर झालेली चूक तेरीज पकडते. त्याआधी झालेली तिला दिसूच शकत नाही.

फुटल्यानंतरच्या चुका अशा. खरेदी पुस्तकाची बेरीज ४१,००० घेतली, तर पक्षकारांच्या खात्यांवर ४२,००० गेलेलेच असतात आणि नावे बाजू १,००० ने कमी पडते. दिलेली सूट उतरवायची राहिली, तर फरक ४००. ती चुकून जमा बाजूला लिहिली, तर फरक दुप्पट, ८००. म्हणून फरक दिसला की त्याच्या निम्म्याची रक्कमही शोधावी. अ च्या खात्यावर ८,५०० ऐवजी ५,८०० लिहिले, तर फरक २,७००. त्याला ९ ने भाग जातो, आणि असा भाग जात असेल तर दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी. खात्रीचा पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. शिवाय पुस्तकातला खाते पान क्रमांकाचा रकाना बघावा. तो कोरा असेल तर ती नोंद खतावायची राहिली आहे. बेरजेच्या ओळीसमोरही हा क्रमांक लिहायची सवय हवी. सुट्या नोंदींपुढे क्रमांक असतात, बेरजेपुढे नसतो, आणि चूक नेमकी तिथे निघते.

फुटण्याआधीच्या चुका वेगळ्या. २५ तारखेची ९,०००ची विक्री पुस्तकात लिहायचीच राहिली, तर क ची शिल्लक शून्य होते, विक्री ३६,००० होते, आणि तेरीज १,०८,५०० वर नेटकी जुळते. खरेदी पुस्तकातच ८,५०० ऐवजी ५,८०० लिहिले, तर अ चं खातं आणि खरेदीची बेरीज दोन्ही सारखीच चुकतात. तिसरा प्रकार थोडा निराळा: ती ९,०००ची विक्री क ऐवजी ड च्या खात्यावर नावे टाकली. ही चूक वाटा फुटल्यानंतरची आहे, तरी दिसत नाही, कारण रक्कम आणि बाजू दोन्ही बरोबर आहेत, फक्त खातं चुकलं. तेरीज बेरजा तपासते, नावं नाही.

सॉफ्टवेअरबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. तिथे एक नोंद केली की दोन्ही बाजू एकाच वेळी पडतात, बेरजा यंत्र करतं, त्यामुळे बेरजेच्या आणि राहून गेलेल्या खतावणीच्या चुका जवळजवळ संपतात. याच कारणाने सॉफ्टवेअरची तेरीज नेहमीच जुळलेली दिसते. बीजक भरलंच नाही, रक्कम चुकीची टाकली, यादीतून भलताच पक्षकार निवडला, या चुका तशाच राहतात, आणि जुळलेल्या तेरजेवरून त्यांचा पत्ता लागत नाही.

त्यांच्यासाठी तपासणी पुस्तकाच्या बाहेरूनच करावी लागते. आपल्या विक्री बीजकांचे क्रमांक ओळीने लावून विक्री पुस्तकाशी ताडा. मधला क्रमांक गायब असेल तर २५ तारखेसारखी नोंद सापडेल. अ आणि ब कडून त्यांच्या वहीतला आपला उतारा मागवा: अ च्या उताऱ्यात आपल्याकडून ८,५०० येणं दिसलं पाहिजे, ब च्या उताऱ्यात १२,६००. क आणि ड ला आपला उतारा पाठवा. ड च्या नावावर १०,००० ऐवजी १९,००० लिहून गेले असतील, तर आपल्या तेरजेआधी ते ड च सांगेल.